सतरा वर्षांनंतरचा चेहरा

सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात ‘अनोळखी’ म्हणून नोंद झालेला एक वृद्ध आहे, अशी कल्पना करा. तो रस्त्यावर बेशुद्ध सापडला, आता शुद्धीवर आहे, पण स्मृतिभ्रंशामुळे स्वतःचे नाव सांगू शकत नाही. वय अंदाजे साठ-पासष्ट. दुसऱ्या जिल्ह्यातून एक तरुण पोलिसांबरोबर येतो. त्याच्या हातात सतरा वर्षांपूर्वीचा लग्नसमारंभातला फोटो आहे. वडील तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. फोटोतल्या माणसाला काळेभोर केस, भरलेले गाल आणि मिशी. खाटेवर डोके भादरलेला, गालफडे बसलेला, दात नसलेला माणूस. मुलगा बराच वेळ पाहतो आणि म्हणतो, ‘‘नाही, हे आमचे अण्णा नाहीत.’’ तो चुकत असेल का?

जुन्या फोटोतल्या चेहऱ्याचे वय वाढवणे किंवा आजच्या चेहऱ्याचे वय कमी करणे हे मोबाइलवरच्या अॅपमुळे आता खेळ झाले आहे. हरवलेल्या माणसांच्या आणि फरारी गुन्हेगारांच्या शोधात मात्र हेच काम गंभीरपणे होत आले आहे. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या जॉन लिस्टचे. न्यू जर्सीतल्या वेस्टफील्ड गावात राहणाऱ्या या हिशेबनिसाने नोव्हेंबर १९७१ मध्ये आई, पत्नी आणि तीन मुलांची हत्या केली आणि तो नाहीसा झाला. जाण्यापूर्वी घरातल्या फोटोंमधून त्याने स्वतःचा चेहरा काढून टाकला होता. चेहरा हाच आपला माग आहे, हे त्याला नेमके कळले होते.

अठरा वर्षे तो सापडला नाही. १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’ या कार्यक्रमासाठी फ्रँक बेंडर या शिल्पकाराने जुन्या छायाचित्रांवरून लिस्टचा त्या वेळचा, म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षाचा अर्धपुतळा घडवला. बेंडरने केवळ सुरकुत्या कोरल्या नाहीत. हा माणूस कसा जगत असेल, याचा त्याने एका गुन्हेमानसशास्त्रज्ञाबरोबर विचार केला. बैठे काम, जड जेवण, व्यायाम नाही, म्हणून जबड्याखालची त्वचा लोंबलेली. रूढीप्रिय आणि कडक स्वभाव, म्हणून जाड फ्रेमचा चष्मा. कार्यक्रम २१ मे रोजी दाखवला गेला आणि १ जूनला लिस्ट पकडला गेला. जुन्या शेजाऱ्यांना पुतळ्यात आपला ‘रॉबर्ट क्लार्क’ दिसला होता. प्रत्यक्ष चेहऱ्याशी पुतळ्याचे साम्य पाहून अनेकांना नवल वाटले.

बेंडरच्या यशातून एक गोष्ट दिसते. म्हातारपण चेहऱ्यावर बाहेरून चिकटवता येत नाही. ते आतून, थराथराने येते. सर्वांत खाली हाडे. डोळ्यांच्या खोबण्यांची कड वयानुसार झिजते आणि खोबणी रुंदावते, वरचा जबडा थोडा मागे सरकतो. त्यावर चरबीचे कप्पे. तरुणपणी ते एकसंध भासतात. पुढे काही रिकामे होतात, काही खाली घसरतात. म्हणून डोळ्याखाली खळगा पडतो, नाकाच्या बाजूची घडी खोल होते आणि जबड्याच्या कडेला पिशवी लोंबते. सर्वांत वर त्वचा. तिच्यातले कोलॅजन आणि लवचिक तंतू कमी झाल्याने ती आतल्या सैल झालेल्या वस्तूवर सैल खोळ घातल्यासारखी होते. केवळ त्वचेवर रेघा ओढून थांबणारे चित्र खोटे वाटते, कारण अशा चित्रात तरुण हाडांवर आणि भरलेल्या गालांवर म्हाताऱ्याची कातडी असते.

रेघांनाही आपली शिस्त असते. सुरकुती ही तिच्याखालच्या स्नायूच्या दिशेला काटकोनात पडते. कपाळाचा स्नायू उभा आहे, म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू वर्तुळाकार, म्हणून कोपऱ्यातल्या रेषा किरणांसारख्या पसरतात. त्यामुळे कुशल चित्रकार हरवलेल्या माणसाचा हसतानाचा किंवा कपाळाला आठ्या घातलेला फोटो मुद्दाम मागतो. त्या क्षणी उमटलेल्या घड्या हाच पुढच्या कायमच्या सुरकुत्यांचा नकाशा असतो. घरच्यांना नेहमी पासपोर्टसाठी काढलेला गंभीर फोटो द्यावासा वाटतो, पण त्यातून फारसे हाती लागत नाही.

वयाइतकाच ऊन हा मोठा कलावंत आहे. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो प्रसिद्ध झाला. २८ वर्षे ट्रक चालवल्यावर त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. कारण अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि अतिनील किरणांपैकी ‘ए’ प्रकारचे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आपल्या चालकाच्या चित्रात उजवा गाल अधिक थकलेला दाखवायला हवा.

परदेशी नमुन्यांवर बेतलेली चित्रे आपल्याकडे येथेच फसतात. गोऱ्या त्वचेवर बारीक सुरकुत्या लवकर दिसतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य संरक्षण देते, त्यामुळे सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात. आधी बदलतो तो रंग. गालावर वांग येतो, डोळ्यांखाली आणि तोंडाभोवती काळसरपणा वाढतो, कानशिलाजवळ त्वचा गडद होते, गालांवर काळे बारीक उंचवटे उमटतात. पन्नाशीतल्या शेतमजूर बाईच्या फोटोवर सुरकुत्यांचे जाळे पसरून रंग एकसारखा ठेवला, तर ती परकीच दिसेल.

केसांच्या बाबतीतली चूक आणखी सोपी आणि आणखी सार्वत्रिक आहे. काळ्या केसांवर राखाडी रंगाचा हात फिरवला की झाले, असे वाटते. पण राखाडी केस असा प्रकार मुळी फारसा नसतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी थकतात आणि नवा येणारा केस पांढरा उगवतो. काळे आणि पांढरे केस मिसळले की लांबून करडे दिसते. बहुधा सुरुवात कानशिलाजवळ होते, मग टाळूकडे सरकते आणि मानेजवळचे केस सर्वांत शेवटी पांढरे होतात. त्यामुळे चांगल्या चित्रात कानशिलाजवळ सुटे पांढरे केस दाट असतात आणि मागे विरळ. पुढची केशरेषाही मागे नेली पाहिजे. आपल्या भागात एक पंचाईत वेगळी. मेंदी लावणाऱ्याचे केस तांबूस होतात, तर कलप लावणाऱ्याचे इतके काळे की चेहऱ्याशी मेळच बसत नाही. म्हणून एकच चित्र करू नये. पांढऱ्या, रंगवलेल्या आणि टकलाच्या अशा दोन-तीन आवृत्त्या कराव्यात, दाढीसह आणि दाढीशिवाय.

मग कायम काय राहते? पूर्ण वाढ झाल्यावर दोन बाहुल्यांमधले अंतर फारसे बदलत नाही, म्हणून दोन फोटो एकमेकांवर बसवताना तेच माप धरतात. कानाच्या पाळीची आणि घड्यांची रचना, जुना व्रण, ठळक तीळ, भुवईतला खंड हेही टिकतात. कान मात्र वयानुसार लांब होतो. १९९५ मध्ये एका ब्रिटिश अभ्यासात ती वाढ वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर आढळली. म्हणजे सतरा वर्षांत चार मिलिमीटरच्या आत. नाकाचे टोकही खाली झुकते. वरचा ओठ पातळ होतो आणि नाक व ओठ यांतले अंतर वाढते. दात गेले आणि कवळी नसेल तर चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आखूड होतो, हनुवटी नाकाकडे येते. तंबाखू-गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाचे गाल याहून वेगळ्या तऱ्हेने आत ओढलेले असतात. चित्रकाराला व्यसन माहीत असेल, तर त्याला हे दाखवता येते.

आता पुन्हा वॉर्डात जाऊ. मुलाच्या हातात सेहेचाळीसाव्या वर्षाचा फोटो आहे आणि समोर त्रेसष्ट वर्षांचा असू शकेल असा माणूस. येथे फोटोचे वय वाढवावे लागेल, किंवा रुग्णाच्या आजच्या फोटोचे वय कमी करावे लागेल. दुसरा मार्ग आडवाट ठरतो. सुरकुत्या पुसून टाकल्या की चेहरा गुळगुळीत होतो, पण तरुण होत नाही, कारण गेलेली चरबी आणि मागे गेलेला जबडा तसाच राहतो. बाहुलीसारखा चेहरा तयार होतो आणि त्यात मुलाला आणखी परका माणूस दिसतो.

त्याआधी फोटो नीट हवा. आडव्या माणसाचे गाल गुरुत्वाकर्षणाने कानाकडे घसरतात आणि जबड्याची पिशवी नाहीशी होते, म्हणून रुग्णाला बसवून फोटो काढावा. दातांची कवळी असल्यास घालावी. मोबाइल फार जवळ आणला तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात, म्हणून दीड मीटर अंतर ठेवून नंतर प्रतिमा मोठी करावी. प्रकाश समोरून, सौम्य असावा. दोन फोटोंमधली मान सारख्याच दिशेला वळलेली असावी.

मग चित्रकार जुना फोटो घेईल. बाहुल्यांचे अंतर जुळवेल, डोळ्याखाली खळगा देईल, गाल थोडे रिकामे करेल, दात नसल्याने हनुवटी वर घेईल, मिशी काढेल, डोके भादरलेले दाखवेल. त्याला आजोबांचा साठीतला फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण कुटुंबात चरबी कोठे घसरते आणि टक्कल कोठे पडते याचे साम्य असते. हरवलेल्या मुलांच्या शोधात आई-वडिलांचे त्याच वयाचे फोटो याच कारणासाठी मागतात. डोळ्यांतही एक खूण घालता येते. साठीनंतर अनेकांच्या बुबुळाच्या कडेला फिकट राखाडी कडे येते. चित्रात ते सहसा राहून जाते, आणि त्याविना त्या वयाचा डोळा परका भासतो.

असे चित्र म्हणजे पुरावा नव्हे, अंदाज आहे. २०१० मध्ये एफबीआयने ओसामा बिन लादेनचा वय वाढवलेला फोटो केला, तेव्हा चित्रकाराने केस व कपाळ इंटरनेटवरच्या एका फोटोतून घेतले. ते स्पेनच्या गास्पार ल्यामासारेस या राजकारण्याचे निघाले आणि फोटो मागे घ्यावा लागला. उसनी घेतलेली पट्टी दुसऱ्याचा चेहरा बनवते. त्यामुळे चित्र पाहून ‘हाच तो’ म्हणणारा साक्षीदारही चुकू शकतो, आणि ‘नाही’ म्हणणारा मुलगाही.

म्हणून या मुलाला वॉर्डात चित्र दाखवताना, आधी उजव्या कानाची पाळी पाहायला सांगावी. मग डाव्या भुवईवरचा जुना व्रण, जो लग्नाच्या फोटोत अर्धा केसांखाली झाकलेला होता आणि आता भादरलेल्या डोक्यामुळे उघडा पडला आहे. हे जुळले, तर पुढे डीएनए तपासणीसाठी मुलाचा नमुना घेण्याची पोलिसांना विनंती करावी. उत्तर येईपर्यंत खाटेवरच्या पाटीवर ‘अनोळखी’ हाच शब्द राहील आणि मुलाला बाजूच्या बाकावर बसून अण्णांची, किंवा अण्णा नसलेल्या माणसाची, सोबत करता येईल.