सहावी टोळी परवडते का?

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात एक गोदाम आहे, असं धरून चालू. तीन पाळ्यांत चोवीस तास चालणारं. तिथून पन्नास किलोच्या गोण्या भरून ट्रक बाहेर पडतात. तासाला सरासरी दोन ट्रक येतात. एका ट्रकमध्ये सोळा टन माल, म्हणजे ३२० गोण्या. सहा हमालांची एक टोळी असा ट्रक सरासरी दोन तासांत भरते. किती टोळ्या ठेवायच्या, असं कुणालाही विचारलं तर तो बोटांवर मोजून सांगेल: तासाला दोन गाड्या, गाडीला दोन तास, म्हणजे चार टोळ्या.

हा हिशेब बरोबर आहे, पण तो चार टोळ्यांना किती काम आहे एवढंच सांगतो. चारच टोळ्या ठेवल्या, तर प्रत्येक टोळीला पाळीचा एकही क्षण रिकामा दवडता येणार नाही. ट्रक मात्र घड्याळ लावून अर्ध्या अर्ध्या तासाला येत नाहीत. एखादा तास कोरडा जातो, पुढच्या तासात पाच गाड्या फाटकाशी येऊन लागतात. कोरड्या तासात टोळ्या बसून राहिल्या ते श्रम साठवून ठेवता येत नाहीत, आणि पाच गाड्यांची रांग मागे उरते. ती फेडायला चार टोळ्यांकडे जादा ताकदच नसते. रांग वाढत जाते आणि महिनाअखेरीपर्यंत कुठेच स्थिरावत नाही.

म्हणून किमान पाच टोळ्या हव्यात. पाचच्या पुढे कुठे थांबायचं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर देणारं सूत्र गोदामासाठी नव्हे, टेलिफोनसाठी तयार झालं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एरलांग यांना एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवाव्या हे ठरवायचं होतं. १९१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या गणितातून हे काढता येतं: सरासरी किती कॉल येतात, एक कॉल किती वेळ चालतो आणि लाइनी किती आहेत एवढं कळलं, तर किती जणांना थांबावं लागेल आणि किती वेळ. कॉलच्या जागी ट्रक आणि लाइनीच्या जागी टोळी ठेवली की सूत्र तसंच्या तसं चालतं.

आपल्या गोदामाचे आकडे त्यात घातले, तर पाच टोळ्यांना सरासरी २.२ ट्रक रांगेत उभे दिसतात आणि प्रत्येक ट्रकची भरणी सुरू होण्याआधी सरासरी सासष्ट मिनिटं जातात. टोळ्या सहा केल्या की रांगेत सरासरी ०.५७ ट्रक उरतो आणि थांबा सतरा मिनिटांवर येतो. सातव्या टोळीने तो पाच मिनिटांवर येतो, आठव्या टोळीने दोन मिनिटांच्या आत.

पहिली जादा टोळी जवळजवळ पन्नास मिनिटं वाचवते, दुसरी बारा, तिसरी जेमतेम चार. मजुरी मात्र प्रत्येक टोळीची तेवढीच. कुठे थांबायचं ते या घसरणीतून ठरतं.

आता पैसे घालू. आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. भत्ते, लेव्ही वगैरे धरून एका टोळीचा तासाचा खर्च ७०० रुपये. उभ्या ट्रकचा तासाचा खर्च ५०० रुपये. त्यात कर्जाचा हप्ता, विमा, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि हुकलेल्या फेरीचा वाटा येतो. भरणीचे दोन तास यात धरायचे नाहीत, कारण टोळ्या पाच असोत की आठ, ते लागणारच. मोजायचा तो रांगेतला वेळ.

पाच टोळ्यांची मजुरी तासाला ३,५०० रुपये आणि रांगेतल्या २.२ ट्रकचे ११०८, मिळून ४,६०८. सहा टोळ्यांची मजुरी ४,२०० आणि रांगेचे २८५, मिळून ४,४८५. सात टोळ्यांची मजुरी ४,९०० आणि रांगेचे ९०, मिळून ४,९९०. सर्वांत स्वस्त सहा. पाचच्या तुलनेत दिवसाला तीन हजारांच्या आसपास वाचतात.

यात सगळ्यांत डळमळीत आकडा ट्रकच्या उभ्या तासाचा. तो ५०० का, ८०० का नाही? वाद घालत बसण्यापेक्षा प्रश्न उलटा विचारावा: हा आकडा किती असला तर उत्तर बदलेल? सहावी टोळी रांगेतून सरासरी १.६५ ट्रक कमी करते आणि तिला ७०० रुपये लागतात. म्हणजे उभ्या ट्रकचा तास सुमारे ४२५ रुपयांहून महाग असला की ती परवडते. सातवी टोळी फक्त ०.३९ ट्रक कमी करते. ती परवडायला तास १,८०० रुपयांचा असावा लागेल. मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात उत्तर सहाच. ट्रकमालक सहाशे म्हणो वा हजार, निर्णय हलत नाही. ४२५ च्या काठाशी असाल तेव्हाच पै-पैचा हिशेब करायची गरज.

एका गोष्टीवर मात्र हे सगळं उभं आहे: कोणतीही टोळी कोणत्याही ट्रकला लागते. सहा टोळ्यांनी सहा धक्के वाटून घेतले आणि येणाऱ्या गाड्याही अशाच वाटल्या, प्रत्येक धक्क्याची रांग वेगळी ठेवली, तर तेवढ्याच टोळ्यांत रांगेत ०.५७ ऐवजी सरासरी आठ ट्रक उभे राहतात. एका धक्क्यावर तीन गाड्या ताटकळतात आणि शेजारची टोळी तंबाखू मळत बसते.

आता पैसे कोणाच्या खिशातून जातात ते पाहू. वरच्या हिशेबात मजुरी आणि ट्रकचा थांबा एकाच वहीत लिहिला आहे. प्रत्यक्षात ट्रक गोदामवाल्याचा नसतो. करारात हॉल्टिंगचे पैसे नसले, तर रांगेतला तास त्याला फुकट वाटतो. त्याच्या दृष्टीने मग पाच टोळ्याच सर्वांत स्वस्त, आणि सासष्ट मिनिटांचा भुर्दंड ट्रकमालकाच्या माथी. करारात काही तासांनंतर हॉल्टिंग सुरू होत असेल, तर त्याआधीचा थांबा तो मोजतच नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळांत नोंदलेल्या टोळ्यांना बहुतेक ठिकाणी मजुरी नगावर किंवा टनावर मिळते. टोळी कितीही वेळ बसली, तरी मालकाला पैसे उचललेल्या गोण्यांचेच. अशा वेळी ७०० रुपये तासाचा आकडाच त्याच्या वहीतून गळतो. टोळ्या वाढवल्या तर त्याचा खर्च वाढत नाही, रांग मात्र घटते. त्याला टोळ्या जितक्या जास्त तितक्या बऱ्या. रिकाम्या वेळेची किंमत हमालाच्या हातात पडणाऱ्या रकमेतून जाते, कारण तेवढ्याच गोण्या जास्त जणांत वाटल्या जातात. टोळ्यांच्या संख्येवरून वाद होतात ते यामुळे. मला वाटतं, अंगमेहनतीवर असलेल्या गोदामात ४,४८५ हा आकडा काढायचा असेल, तर हमालाचा बसलेला तासही त्यात धरला पाहिजे, मग तो कोणीही देवो. नाहीतर खर्च कमी झालेला नसतो, फक्त दुसऱ्याच्या खिशात सरकलेला असतो.

आता सूत्राच्या मर्यादा. एरलांगच्या सूत्रात कॉल किती वेळ चालेल याचा काही नेम नसतो. ते गृहीत तसंच गोदामात आणलं, तर सूत्र असं धरतं की सरासरी दोन तासांच्या भरणीतले शंभरातले पंधरा ट्रक वीस मिनिटांच्या आत भरून होतात आणि आठ ट्रकना पाच तासांहून जास्त लागतात. वीस मिनिटांत ३२० गोण्या म्हणजे मिनिटाला सोळा! सहा माणसांकडून ते होणार नाही. खरी भरणी दीड-अडीच तासांच्या मधे घुटमळते. कधी गोणी फुटते, कधी ताडपत्री बांधायला वेळ जातो. हा चढउतार जितका कमी, तितकी रांग लहान.

समजा, भरणीच्या वेळेचं प्रमाण विचलन सरासरीच्या निम्मं, म्हणजे एक तास आहे. ढोबळ नियमाने रांग सूत्राच्या पाच अष्टमांश उरते. पाच टोळ्यांना मग रांगेत १.४ ट्रक, सहांना ०.३६. सहावी टोळी आता रांगेतून जेमतेम एक ट्रक कमी करते आणि ५०० रुपये वाचवायला ७०० घालवते. उत्तर पाचवर येतं. ट्रकचा तास ५०० की ६०० यावर खल करण्यापेक्षा शंभरेक भरण्यांची सुरुवात आणि शेवट घड्याळावर टिपून ठेवणं जास्त मोलाचं आहे, ते यासाठी.

दुसरी मर्यादा उलट दिशेने ओढते. मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. बंदी उठली की गाड्या एकदम सुटतात. सरासरी तासाला दोन हा आकडा मग काही तासांत तीन असतो आणि काही तासांत एक. तीन गाड्यांच्या तासांत आठ टोळ्या परवडतात, एका गाडीच्या तासांत तीन पुरतात. चोवीस तास सहा ठेवल्या, तर गर्दीत त्यांना एकही क्षण मोकळा मिळत नाही आणि मघाच्या चार टोळ्यांची गत त्यांची होते. टोळीला तासापुरतं बोलावून परत पाठवता येत नाही, तिला पाळी द्यावी लागते. म्हणून सगळ्या टोळ्या एकाच वेळी कामावर घेण्याऐवजी पाळ्यांच्या सुरुवाती मागेपुढे सरकवून गर्दीच्या तासांत दोन पाळ्या एकमेकींवर आणायच्या.

आपल्या गोदामात यातलं काय चाललंय, ते फाटकावरच्या रजिस्टरवरून कळतं. गाडी आत आल्याची वेळ आणि पहिली गोणी चढल्याची वेळ, दोन्ही लिहिलेल्या असल्या पाहिजेत. बहुतेक ठिकाणी पहिलीच असते. सहा टोळ्या असताना सूत्राप्रमाणे शंभरातल्या २८ गाड्यांना थांबावं लागेल, आणि थांबलेल्या गाडीचा सरासरी तास जाईल. भरणी ठरल्या वेळेत उरकत असेल तर तासही लागू नये. रजिस्टरमध्ये चाळीस-पन्नास गाड्या थांबलेल्या दिसल्या आणि त्या ठरावीक तासांत गोळा झालेल्या असल्या, तर दोष गर्दीचा. आणि टोळी मोकळी आहे, गाडी धक्क्याला लागली आहे, तरी अर्धा तास गोणी हलत नाही, असं दिसलं तर बिल्टी आणि ई-वे बिल तयार व्हायचं राहिलेलं असतं. तो अर्धा तास सातव्या टोळीने एका मिनिटानेही कमी होत नाही; तिथे टेबलावर एक कारकून वाढवावा लागतो, आणि त्याचा तास टोळीच्या तासापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.