साहेबांचं निरोपाचं कार्ड

नावडत्या साहेबांच्या निरोपाचं कार्ड टेबलावर आलं की पेन अडतं. ‘तुमची उणीव भासेल’ हे खोटं, आणि ‘तुमच्याकडून खूप शिकलो’ हा हमखास टोमणा वाटतो. अशा वेळी विशेषणं सोडावीत, खरोखर घडलेली एक गोष्ट शोधावी. आमचे साहेब चारचौघांत फाइल भिरकावायचे. पण एकदा ऑडिटरसमोर आमची चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. मी लिहिलं, ‘सर, ऑडिटच्या वेळी तुम्ही आमची बाजू सांभाळलीत, ते लक्षात आहे. नव्या जागी शुभेच्छा.’ कार्डावर ‘पण’ मुद्दाम टाळला. त्याच्या मागून तक्रार येतेच. असं काहीच आठवलं नाही, तर नुसत्या शुभेच्छा आणि सही. आमच्या कॅशियरबाईंनी तेवढंच केलं.