पहिला सलाम फोनने द्यावा, पण कोणाला?

नाशिकच्या बाजारात आम्ही कापड विकतो. दुकानात गिऱ्हाईक आले की आधी सलाम-नमस्कार, मग पाणी, मग थान उघडायचे, ही आपली जुनी रीत. आता निम्मे गिऱ्हाईक आधी फोनवर निरोप टाकते. भारतात 2018 साली आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या अ‍ॅपमध्ये अशा पहिल्या निरोपाला आपोआप उत्तर देण्याची सोय आहे. ती नीट लावली तर गिऱ्हाईक टिकते आणि चुकीची लावली तर जुने संबंध दुखावतात. आमच्याकडून हे दुसरेच घडले.

मालेगावच्या एका जुन्या व्यापाऱ्याशी आमची वीस वर्षांची देवाणघेवाण. एका सकाळी त्यांनी वालिदांच्या इंतकालाची बातमी व जनाजाची वेळ कळवली. आमच्या फोनने लगेच उत्तर दिले, “आमच्या दुकानात आपले स्वागत आहे! नवीन माल आला आहे, जरूर पाहा.” आम्ही तासाभराने ते वाचले आणि शरमेने मान खाली गेली. माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने दिलीही. पण हे घडले कसे, ते समजून घेणे भाग होते.

कारण साधे आहे. हे उत्तर दोन प्रकारच्या लोकांना जाते. एक, ज्यांनी पूर्वी कधीच निरोप पाठवलेला नाही. दोन, ज्यांच्याशी 14 दिवस फोनवर काहीच बोलणे झालेले नाही. कापडाच्या धंद्यात दोन निरोपांमध्ये महिनाही जातो. म्हणजे फोनच्या हिशेबी आपला वीस वर्षांचा स्नेही पंधराव्या दिवशी पुन्हा अनोळखी होतो.

उपाय त्याच अ‍ॅपमध्ये आहे. Business tools उघडून Greeting message वर जावे. Send greeting message हे बटण चालू केले की खाली Recipients ही ओळ दिसते. तेथे बहुधा Everyone, म्हणजे सर्वांना, असे निवडलेले असते. त्याऐवजी Everyone not in address book निवडावे. मग ज्यांचे नाव आपल्या फोनमध्ये लिहिलेले आहे, त्यांना हे उत्तर जात नाही; फक्त अनोळखी नंबरांना जाते. मात्र यासाठी एक शिस्त हवी. पहिला सौदा झाला की त्याच दिवशी गिऱ्हाइकाचे नाव फोनमध्ये जतन करावे. नाव लिहिले नाही तर तो माणूस पुन्हा पाहुणाच ठरेल.

आता मजकूर. आमच्या जुन्या मजकुरात स्वागत होते, जाहिरात होती, पण गिऱ्हाइकाच्या कामाचे काहीच नव्हते. आता आम्ही असे लिहिले आहे:

“नमस्कार. आपला निरोप दुकानात पोचला. हे उत्तर फोनने आपोआप दिले आहे. आम्ही स्वतः वाचून आजच लिहू. दुकान सकाळी 11 ते रात्री 8. शुक्रवारी दुपारी 1 ते अडीच नमाजसाठी बंद. कोणते कापड आणि किती मीटर हवे, ते लिहून ठेवावे.”

उत्तर आपोआप गेले हे आम्ही लपवत नाही. यंत्राने माणसाचे सोंग घेतले की दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. शेवटच्या ओळीमुळे गिऱ्हाईक आपली गरज लिहून ठेवते, आणि आम्ही फोन हातात घेताच भाव सांगू शकतो. नव्या मालाची जाहिरात काढून टाकली, कारण समोरचा कशासाठी लिहितो आहे, हे फोनला ठाऊक नसते.

“अस्सलामु अलैकुम” आम्ही मुद्दामच घातले नाही. अनोळखी नंबरामागे कोण आहे, हे माहीत नसते. शिवाय सलाम ही दुआ आहे, ती स्वतःच्या हाताने लिहावी असे आम्हाला वाटते. सलामाला त्याहून चांगले उत्तर द्यावे, हे आपण लहानपणीच शिकलो. ते उत्तर माणसाचेच असावे.

“आजच लिहू” हे वचन आहे, हेही ध्यानात ठेवावे. रात्री आठनंतर आलेल्या निरोपाला ते पाळता येत नसेल तर “उद्या दुपारपर्यंत” असे लिहावे. खोट्या वचनापेक्षा उशिराचे खरे वचन बरे.

सर्व लावून झाल्यावर परीक्षा घ्यावी. ज्याचा नंबर आपल्या फोनमध्ये नाही आणि ज्याने कधी लिहिलेले नाही, अशा माणसाकडून एक निरोप मागवावा. उत्तर जायला हवे. मग ज्याचे नाव लिहिलेले आहे, पण 14 दिवसांत बोलणे झालेले नाही, अशा ओळखीच्याकडून मागवावा; उत्तर जाता कामा नये. दोन्ही बरोबर निघाले की निश्चिंत व्हावे. मालेगावच्या त्या भाईंचा निरोप आता आला, तर इन्शाअल्लाह त्याला उत्तर आम्हीच देऊ.