दातेरी थापीचा हिशेब

जळगाव जामोदच्या बाजारात टाइल्सच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "शंभर फुटाला किती बॅगा लागतील?" दुकानदार बॅगेवरचा आकडा सांगतो. घरमालक तेवढ्या बॅगा नेतो आणि काम अर्ध्यावर आले की पुन्हा दुकानात येतो. हा हिशेब नेमका कुठे फसतो ते पाहायला मी सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात एका घराच्या कामावर गेलो. तिथे खरे लक्ष वेधले ते मिस्त्रींच्या हातातल्या दातेरी थापीने.

पातळ थरावर टाइल चिकटवण्याची ही पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेत हेन्री रोथबर्ग यांनी रूढ केली. भारतात या चिकट मसाल्याचे मानक, आयएस १५४७७, २००४ साली आले आणि २०१९ साली सुधारले गेले. आपल्याकडे ही पद्धत पसरण्याचे कारण टाइलमध्येच आहे. मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून साध्या सिमेंटचा घोळ तिच्या पाठीला नीट धरत नाही. पॉलिमर मिसळलेला मसाला मात्र धरतो.

मिस्त्री चौकोनी दातांची थापी वापरतात. दात जेवढा रुंद, तेवढीच दोन दातांमधली खाच. मसाला ओढला की जमिनीवर सरी उमटतात : निम्मी जागा भरलेली, निम्मी रिकामी. वरून टाइल दाबली की सरी पसरून एकमेकींना भिडतात. म्हणून ६ मिमीच्या दाताने शेवटी जेमतेम ३ मिमीचा थर बसतो. १ मिमी जाडीच्या थराला चौरस मीटरमागे साधारण १.३ किलो कोरी पावडर लागते, म्हणजे ३ मिमीला सुमारे ४ किलो. २० किलोची बॅग ५ चौरस मीटर किंवा ५४ चौरस फुटांना पुरते, म्हणजे शंभर फुटाला दोन बॅगा. दुकानदार सांगतो तो आकडा हाच, आणि तो खोटा नाही.

पण तो ६ मिमीच्या दाताचा आहे, आणि दात टाइलच्या मापावर ठरतो. बाथरूमच्या १ बाय १ फुटी टाइलला ६ मिमी चालतो. २ बाय ४ फुटी टाइल भट्टीतून निघते तेव्हाच तिच्या पाठीला किंचित बाक असतो. तो भरून काढायला १० मिमीचा दात लागतो, शिवाय टाइलच्या पाठीवर मसाल्याचा पातळ हात फिरवावा लागतो. थापी थोडी तिरपी धरली की सरी उभ्या दातापेक्षा बुटक्या पडतात. ते धरून थर साधारण सव्वाचार मिमीचा, म्हणजे साडेपाच किलोचा होतो. पाठीवरच्या १ मिमीचे सव्वा किलो धरले की चौरस मीटरला जवळपास ७ किलो होतात.

त्या घरातला हॉल १२ बाय १५ फुटांचा होता, म्हणजे १८० चौरस फूट किंवा १६.७ चौरस मीटर. २ बाय ४ची टाइल, जाडी ९ मिमी. सात किलोने ११७ किलो, म्हणजे सहा बॅगा. बॅगेवरच्या आकड्याने चार पुरल्या असत्या, आणि मालकांनी चारच आणल्या होत्या. मिस्त्रींनी अ‍ॅल्युमिनियमचा लांब पाटा कोब्यावर आडवा-उभा ठेवला आणि त्याखाली दिसणारा उजेड दाखवला. खोलीच्या एक तृतीयांश भागात सरासरी ३ मिमीचा खड्डा होता. साडेपाच चौरस मीटर, ३ मिमी, १.३ किलो : म्हणजे २१ किलो, आणखी एक बॅग. "मसाला टाइल नाही खात, जमीन खाते," मिस्त्री म्हणाले. दुकानात टाइलचे माप विचारतात, जमिनीचे कुणीच विचारत नाही. खड्डा आधी सिमेंट-वाळूने भरून सपाट केला तर तीच बॅग वाचते. मोठा खड्डा चिकट मसाल्याने भरणे तसेही चूक, कारण जाड थर वाळताना आकसतो आणि टाइलची कड खाली ओढतो.

ग्राउटचा हिशेब याच्या उलट चालतो. टाइल मोठी तेवढे सांधे कमी. सगळी मापे मिलिमीटरमध्ये घेऊन तो असा करतात :

(लांबी + रुंदी) ÷ (लांबी × रुंदी) × टाइलची जाडी × जॉइंटची रुंदी × १.६ = किलो प्रति चौरस मीटर

हॉलची टाइल ६०० बाय १२००, जाडी ९, जॉइंट २ मिमी : चौरस मीटरला ७२ ग्रॅम. पूर्ण हॉलला जेमतेम सव्वा किलो. आता त्याच घरातले ४० चौरस फुटांचे बाथरूम घ्या. टाइल ३०० बाय ३००, जाडी ८, जॉइंट ३ मिमी : चौरस मीटरला २५६ ग्रॅम, एकूण साडेनऊशे ग्रॅम. हॉलच्या पाव भागापेक्षाही लहान खोली जवळपास तेवढेच ग्राउट खाते. जॉइंट २चा ४ मिमी केला की ग्राउट दुप्पट होते. मात्र सांध्यात वर आलेला मसाला ओला असतानाच खरवडून काढला पाहिजे. तो तिथेच राहिला तर ग्राउट कमी लागते खरे, पण वरची पातळ पापडी लवकर निघते.

हिशेब येथवर सरळ आहे. पुढच्या अडचणी या मुलखाच्या आहेत. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि कोरडा वारा सुटतो. बॅगेवर वीस मिनिटे लिहिली असली तरी पसरलेल्या सरींवर त्याआधीच साय धरते. मिस्त्री सरीला बोट लावून पाहतात. बोटाला मसाला लागला तर टाइल ठेवतात, नाहीतर तेवढा भाग खरवडून फेकतात. वरून पाणी शिंपडून तो जिवंत होत नाही. फेकलेला मसालाही हिशेबातच जातो, म्हणून मे महिन्यात एका वेळी दोन टाइलपुरतेच पसरायचे.

पूर्णेकडची गावे खारपाणपट्ट्यात येतात. बोअरच्या खाऱ्या पाण्यात ग्राउट कालवले तर सुकल्यावर त्यावर पांढरी फुली येते आणि गडद रंगावर ती लपत नाही. मसाला आणि ग्राउट पिण्याच्या पाण्यातच कालवायचे. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यामुळे कोबा तडकला तर कितीही किलो मसाला टाइल वाचवत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मजुरीची. मजुरी फुटावर ठरते आणि बॅगा मालक आणतो. बॅगा कमी पडल्या की काही जण टाइलखाली पाच गोळे ठेवून ती दाबून बसवतात. त्याने मसाला निम्म्यावर येतो आणि काम झपाट्याने उरकते. पण गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. ठोकल्यावर तिथे बद्द आवाज येतो आणि जड कपाटाचा पाय नेमका त्या जागी आला की टाइल तडकते. बाथरूममध्ये त्याच पोकळीत पाणी साचते. म्हणून काम सुरू झाल्यावर दुसरी-तिसरी टाइल ओली असतानाच उचलायला सांगावी. खोलीत तिच्या पाठीचा निदान ऐंशी टक्के भाग आणि ओल्या जागी पंच्याण्णव टक्के भाग मसाल्याने माखलेला दिसला पाहिजे. या मिस्त्रींनी कुणी न सांगताच उचलून दाखवली : सरी पूर्ण मिटलेल्या, कोपऱ्यापर्यंत मसाला. मग त्यांनी मालकांना आणखी तीन बॅगा आणायला सांगितल्या आणि त्या येईपर्यंत काम थांबवले. फुटावर मजुरी घेणाऱ्याचा तेवढा दिवस बुडतो. मालकाने त्या दिवसाचे पैसे द्यायला हवेत, कारण पुढे फरशी उखडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात.