जुने सर किंवा बाई अचानक भेटल्या तर

बाजारात पंचवीस-तीस वर्षांनी शाळेतल्या बाई दिसतात आणि आपण उत्साहाने विचारतो, “बाई, ओळखलंत का?” कृपया हे विचारू नका. त्यांच्या हातून हजारो मुलं गेली आणि त्यांनी पाहिलेला आपला चेहरा पंधरा वर्षांचा होता. त्या बिचाऱ्या अवघडतात.

मागून हाक न मारता समोर या, नमस्कार करा आणि लगेच स्वतःच सांगा: “बाई, मी देशपांडे. १९९४ची दहावी, ब तुकडी. तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात.” हजेरीत आडनाव आधी यायचं, म्हणून तेच आधी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरचं सांगा. धाकट्या भावंडाचा उल्लेख फार उपयोगी पडतो, “म्हणजे तू त्याची ताई!” असं पटकन आठवतं.

“हो हो, बरी आहेस ना?” एवढंच म्हणून त्या थांबल्या, तर बहुधा ओळख पटलेली नाही. मग खुणा देत बसू नका. त्यांनी शिकवलेलं एखादं नेमकं काही सांगा, उदाहरणार्थ भूमितीची सिद्धता फळ्यावर रंगीत खडूने मांडायची पद्धत. ते त्यांना नक्की आठवतं, आणि गप्पा तिथून सुरू होतात. निघताना त्यांचा फोन नंबर जरूर मागून घ्या.