डोळ्यांखालचा काळेपणा : रंग, रक्त आणि सावली

डोळ्यांखालची काळी वर्तुळे तीन वेगवेगळ्या कारणांनी दिसतात. कधी त्वचेतच रंगद्रव्य जास्त असते, कधी पातळ त्वचेखालून रक्तवाहिन्या आणि स्नायू दिसतात, तर कधी तिथे रंग नसतोच, असते ती खळग्याची किंवा फुगवट्याची सावली. आरशात या तिन्ही गोष्टी जवळपास सारख्याच वाटतात. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. महागडे क्रीम महिनोन्‌महिने लावूनही फरक पडत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की ते क्रीम भलत्याच प्रकारावर लावले जाते.

पापण्यांची त्वचा ही शरीरावरची सर्वांत पातळ त्वचा. तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. शिवाय गालावर त्वचेखाली चरबीचा जो थर असतो तो इथे जवळपास नसतो. त्वचेला लागूनच डोळा मिटणारा गोल स्नायू असतो आणि त्यात बारीक नीलांचे जाळे असते. नीलांमधले रक्त गडद लाल असते, पण त्वचेच्या आडून ते निळसर-जांभळे दिसते. गोऱ्या आणि पातळ त्वचेच्या माणसांत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ, नाकाच्या बाजूला, दिसणारा जांभळट पट्टा बहुधा याच जातीचा असतो. वय वाढते तशी त्वचा आणखी पातळ होते, गालावरची चरबी ओसरते आणि हा पट्टा अधिक ठळक होतो.

भारतीय त्वचेत मात्र रंगद्रव्याचा प्रकार फार आढळतो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन काहींच्या पापण्यांवर मुळातच जास्त असते. आई, मावशी, आजी अशा एकाच घरातल्या अनेकांना ते असते आणि लहानपणापासून किंवा किशोरवयापासून दिसते. हा तपकिरी रंग बहुधा वरच्या पापणीवरही असतो आणि डोळ्याभोवती पुरे कडे करतो. हा आजार नाही; माणसाच्या वर्णाचाच तो भाग आहे. हे आधी समजले तर पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचतो.

पण जन्मजात रंगावर पुढे आणखी थर चढतात आणि ते टाळता येतात. त्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित वाटा डोळे चोळण्याचा आहे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला वारंवार घर्षण झाले किंवा तिच्यावर दाह झाला की ती अधिक मेलॅनिन तयार करते. काजळाची किंवा केसांच्या डायची ॲलर्जी, इसब, धुळीने होणारी सर्दी, यांत डोळ्यांना खाज येते, हात डोळ्यांकडे जातो आणि रंग गडद होत राहतो. ॲलर्जीच्या सर्दीत दुहेरी परिणाम होतो. नाकाचा आतला भाग सुजल्यामुळे पापण्यांतून परतणारे रक्त तुंबते आणि त्यामुळे निळसर छटाही येते. शाळकरी मुलाच्या डोळ्यांखाली काळे दिसले की घरात अभ्यासाच्या जागरणाला किंवा मोबाइलला दोष दिला जातो. ते मूल सकाळी उठल्या उठल्या शिंकते का, नाक तळहाताने वर घासते का, हे आधी पाहावे.

झोपेचा संबंध खरा आहे, पण लोक मानतात तेवढा मोठा नाही. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसांची पुरेशा झोपेनंतरची आणि दीर्घ जागरणानंतरची छायाचित्रे इतरांना दाखवली, तेव्हा जागरणानंतरच्या चेहऱ्यांवर डोळ्यांखालची वर्तुळे अधिक गडद, पापण्या अधिक उतरलेल्या आणि डोळे अधिक सुजलेले वाटले. जागरणाने चेहरा फिकट पडतो आणि त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या उठून दिसतात. पापण्यांत पाणी साचून सूज येते आणि सुजेची सावली खाली पडते. एका रात्रीच्या जागरणाने मेलॅनिन वाढत नाही. म्हणून सुट्टीत चार दिवस भरपूर झोप झाल्यावर जी वर्तुळे फिकी होतात ती रक्त आणि सुजेची. जी तशीच राहतात त्यांचे कारण वेगळे शोधावे लागते. रक्तक्षयाचेही असेच आहे. त्याने त्वचा फिकट होते आणि असलेली वर्तुळे ठळक होतात. थकवा, धाप, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणे असतील तर हिमोग्लोबिन तपासणे योग्यच, पण हिमोग्लोबिन चांगले असताना लोहाच्या गोळ्या घेऊन वर्तुळे जात नाहीत.

प्रकार ओळखण्याची एक साधी चाचणी घरी करता येते. दिवसाउजेडी खिडकीसमोर उभे राहून खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणावी. तपकिरी रंग त्वचेसोबत सरकला आणि तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा. ताणल्यावर निळसर-जांभळी छटा अधिकच गडद झाली तर ती खालच्या रक्तवाहिन्यांची, कारण ताणलेली त्वचा आणखी पातळ होते. ताणताच काळेपणा निघून गेला, किंवा चेहऱ्यावर समोरून प्रकाश घेतल्यावर तो दिसेनासा झाला, तर ती सावली होती. नाकाच्या मुळापासून गालाकडे तिरकी उतरणारी खळ किंवा डोळ्यांखालची चरबीची पिशवी ही सावली पाडते. एक अडचण लक्षात ठेवावी लागते : मेलॅनिन त्वचेच्या खोल थरात असेल तर तेही राखाडी-निळसर दिसते. त्यामुळे नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढू नये. अनेकांत दोन किंवा तिन्ही प्रकार एकत्र असतात.

समजा, २८ वर्षांची गव्हाळ वर्णाची एक तरुणी आहे. आईलाही अशीच वर्तुळे आहेत, पण तिची गेल्या दोन वर्षांत जास्त गडद झाली. ती रोज काजळ घालते आणि रात्री ते कापसाने घासून पुसते. सकाळी तिला शिंका येतात, डोळ्यांना खाज सुटते. झोप जेमतेम सहा तास. त्वचा ताणली तर तपकिरी रंग तसाच राहतो. आतल्या कोपऱ्यातली थोडी निळसर छटा सकाळी जास्त आणि सर्दी नसलेल्या दिवशी कमी असते. इथे पाया आनुवंशिक रंगाचा आहे, त्यावर चोळण्याचा थर आहे आणि नाकाच्या सुजेची थोडी भर आहे. तिने थेट रंग उजळणाऱ्या क्रीमपासून सुरुवात केली तर खाजणाऱ्या त्वचेची आग होईल, आणखी चोळले जाईल आणि रंग वाढेल.

म्हणून आधी खाज थांबवायची. डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीची गोळी आणि नाकात मारायचा स्प्रे. या स्प्रेचा पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागू शकतात, दोन दिवसांत सोडून उपयोग नाही. काजळ चार आठवडे पूर्ण बंद, म्हणजे खाज त्याचीच होती का हे कळते. पुढे काजळ घातलेच तर काढताना तेलाचा किंवा मेकअप काढायच्या द्रावाचा बोळा मिटल्या डोळ्यावर काही क्षण ठेवून अलगद टिपायचे. बाहेर पडताना झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन, शक्यतो रंगछटा असलेले. त्यातले लोह ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवते आणि सावळ्या त्वचेत त्या प्रकाशानेही रंग वाढतो. त्वचा शांत झाल्यावर मगच व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड किंवा ॲझेलिक ॲसिड यांपैकी एकच काहीतरी, आधी दिवसाआड. वरची त्वचा नवी व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे फरक पाहायचा तो बारा आठवड्यांनी, त्याच खिडकीत, त्याच वेळी, फ्लॅशशिवाय काढलेल्या छायाचित्रावरून. चोळण्याने चढलेला थर बऱ्यापैकी उतरेल. आईकडून आलेला रंग राहील.

रेटिनॉलचे काम वेगळे. ते हळूहळू त्वचेतील कोलॅजन वाढवते, त्यामुळे पातळ त्वचेला थोडा भक्कमपणा येतो. त्याला काही महिने लागतात, डोळ्यांजवळ ते आठवड्यातून दोनदाच आणि अगदी थोडे लावायचे असते आणि गरोदरपणात टाळायचे असते. कॅफिन असलेली जेल किंवा गार चमचा रक्तवाहिन्या आकसवतो आणि सूज उतरवतो. गुण काही तासांचा. काकडीच्या चकत्यांचा उपयोगही त्यांच्या गारव्यापुरताच. लिंबाचा रस मात्र डोळ्यांजवळ लावूच नये. त्याने त्वचा भाजते आणि त्यावर ऊन लागले की उलट काळे डाग पडतात.

सर्वांत मोठा धोका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ मिश्र क्रीमचा आहे. त्यांत बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतात. पहिल्या काही आठवड्यांत रंग खरोखर उजळतो आणि त्यानेच माणूस फसतो. स्टेरॉइडने आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि पापण्यांवर दीर्घकाळ वापरले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. नुसते हायड्रोक्विनोनही महिनोन्‌महिने लावल्यास निळसर-काळे, हटवायला फार कठीण डाग पडू शकतात. ही औषधे त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरतीच घ्यायची असतात.

काही वेळा क्रीमचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे लागते. एकाच बाजूला निळसर-राखाडी डाग असेल, काळेपणा अचानक आला असेल, सोबत पापण्यांची सूज टिकून असेल किंवा मानेवर, काखेत मखमली काळेपणा असेल, तर कारण आत शोधावे लागते. काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्टचे थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या काळवंडू शकतात. थेंब परस्पर बंद करू नयेत, कारण प्रश्न दृष्टीचा आहे. डॉक्टर औषध बदलू शकतात, आणि थेंब थांबल्यावर त्वचेचा रंग हळूहळू ओसरतो.

दवाखान्यातल्या उपचारांतही प्रकार पाहूनच निवड होते. वरच्या थरातल्या रंगावर सौम्य पील चालते, खोल रंगावर विशिष्ट लेझर. सावळ्या त्वचेत दोन्ही जपून, कारण जास्त झाले तर तिथेच पुन्हा रंग चढतो. खळीची सावली हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरने भरून निघते. पण ते फार वर टोचले गेले तर तिथे निळसर झाक येते आणि क्वचित रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे काम पार्लरमध्ये करून घेण्याचे नाही. चरबीच्या पिशव्यांवर शस्त्रक्रिया होते आणि तिचा परिणाम टिकाऊ असतो. मात्र तिने पिशवी आणि तिची सावली जाते, त्वचेतला तपकिरी रंग शस्त्रक्रियेनंतरही तेवढाच राहतो.