तुटक्या पदपथाविषयी संपादकांना पत्र

वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात पावसाळ्यात हमखास दिसणारा विषय म्हणजे तुटका पदपथ. पत्र संपादकांच्या नावे लिहिलेले असते, पण पदपथ दुरुस्त करणे त्यांच्या हातात नसते. ते काम ज्यांचे आहे त्या महापालिकेच्या विभागाने पत्र वाचावे, आणि ते चारचौघांदेखत वाचल्यामुळे उत्तर टाळणे त्याला अवघड जावे, यासाठी हा मार्ग असतो. असे पत्र कितपत उतरले आहे हे तीन प्रश्नांवरून कळते: ते कशासाठी लिहिले आहे, त्यातल्या विधानांना आधार काय, आणि त्याला कोणते उत्तर येऊ शकते. नमुन्यादाखल एक पत्र असे:

“मा. संपादक, स. न. वि. वि.
बसथांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा पदपथ महिनाभर चालण्याजोगा राहिलेला नाही. मे महिन्यात केबलसाठी तो खोदला, चर मातीने बुजवला आणि वर गट्टू नुसते मांडून ठेवले. 9 जुलैला सकाळी पाहिले तेव्हा सुमारे 60 मीटरच्या पट्ट्यात सात ठिकाणी गट्टू उखडलेले होते. फाटकापाशी चेंबरचे झाकण पदपथाच्या पातळीपासून वीतभर खाली गेले आहे. मुले आणि म्हातारी माणसे रस्त्यावरून चालतात आणि नेमकी तिथेच बस वळते. 24 जूनला क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार दिली. तिची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. पदपथ पूर्ववत करण्याची जबाबदारी केबल टाकणाऱ्यांची की पथ विभागाची, आणि झाकण कोणत्या तारखेपर्यंत बसवणार, हे विभागाने सांगावे. तोवर तिथे अडथळे तरी उभे करावेत.
– एक पालक (नाव व पत्ता सोबत दिला आहे)”

पहिला प्रश्न हेतूचा. या पत्रात शहराच्या नियोजनावर टीका नाही आणि कररूपी पैशाच्या उधळपट्टीवर भाष्यही नाही. मागण्या तीनच आहेत: जबाबदार कोण ते सांगा, झाकणाची तारीख द्या, तोवर अडथळे लावा. तिसरी मागणी सर्वांत लहान असली तरी ती हुशारीने केलेली आहे. गट्टू नव्याने बसवायला ठेकेदार, पैसा आणि पावसाची उघडीप लागते. अडथळे त्याच दिवशी उभे करता येतात. विनवणीचा सूर मात्र कुठेच नाही, आणि तो लागतही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे आणि ते सुस्थितीत ठेवणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत मोडते. पदपथ हा रस्त्याचाच भाग असल्यामुळे त्याची दुरुस्ती मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा, आणि पत्राचे खरे बळ इथेच ठरते. त्यातली विधाने एका तोलाची नाहीत. सात ठिकाणचे उखडलेले गट्टू आणि खचलेले झाकण लेखकाने स्वतः, ठरावीक दिवशी पाहिले आहे. तक्रारीच्या तारखेला कागदाचा आधार आहे. ‘केबलसाठी खोदला’ हे मात्र ऐकीव असू शकते, कारण तोच चर जलवाहिनीसाठी किंवा गॅसच्या नळासाठीही खोदलेला असेल. खोदाईच्या वेळी लावलेला फलक कुणी वाचला असेल, तर एवढे नमूद केल्याने विधान पक्के होते. नाहीतर ‘मे महिन्यात खोदाई झाली’ इतकेच लिहिणे सुरक्षित असते.

बुजवण्याविषयीचे विधानही निष्कर्षाच्या जातीचे आहे, पण त्याची खूण जागेवर सापडते. चर बुजवताना भराव थराथरांनी टाकून प्रत्येक थर ठोकून घट्ट करावा लागतो. त्यावर वाळूचा सारखा थर देऊन गट्टू बसवतात आणि कडेचे कर्बस्टोन त्यांना धरून ठेवतात. भराव ढिला राहिला तर पाणी सांध्यांतून आत उतरते, वाळू वाहून जाते आणि गट्टू डगमगू लागतात. अशा वेळी खचलेले गट्टू चराच्या रेषेत, एका ओळीत दिसतात. झाडाच्या मुळांमुळे उचललेले गट्टू बुंध्याभोवती फुगवटा धरतात. कडेचे गट्टू बाहेर सरकले असतील, तर कर्बस्टोन सुटला असण्याची किंवा पदपथावर वाहने चढत असल्याची शक्यता अधिक. पत्रात ‘उखडलेले गट्टू एका सरळ ओळीत आहेत’ एवढे एक वाक्य असते, तर खोदाईवरचा ठपका अंदाजापुरता राहिला नसता.

छायाचित्रालाही हाच नियम लागू पडतो. जवळून घेतलेला खड्ड्याचा फोटो कुठल्याही गल्लीतला असू शकतो. शाळेचा फलक किंवा थांब्याचा खांब चौकटीत आला की जागा ओळखू येते आणि खड्ड्यात उभी धरलेली फूटपट्टी खोली सांगते. पदपथाच्या रुंदीबद्दल तक्रार असेल, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना कामी येतात. निवासी भागात चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी त्यांत सांगितली आहे. टेपने मोजलेला आकडा त्याशेजारी ठेवला की ‘अरुंद’ हे विशेषण लागतच नाही.

नमुन्यातल्या पत्रात ‘अनेक अपघात झाले आहेत’ असे वाक्य नाही, आणि ते नसणे योग्य आहे. असे वाक्य एकाही अपघाताची तारीख सांगू शकत नसेल, तर बाकीच्या खऱ्या निरीक्षणांवरचा विश्वासही कमी करते. ठेकेदाराने पैसे खाल्ल्याचा आरोप तर संपादक बहुधा कापूनच टाकतात. छापलेल्या बदनामीची जबाबदारी लिहिणाऱ्याइतकीच छापणाऱ्यावरही येते.

तिसरा प्रश्न उत्तराचा. ‘प्रशासन याकडे लक्ष देईल का?’ असा शेवट केलेल्या पत्राला ‘लक्ष दिले जाईल’ हे पुरेसे उत्तर ठरते आणि तिथेच विषय मिटतो. नमुन्यातल्या पत्राने ही पळवाट बुजवली आहे. जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला एका विभागाचे किंवा संस्थेचे नावच द्यावे लागते. हा प्रश्न पोकळ नाही, कारण काही वेळा खोदाईची परवानगी देताना महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आगाऊ भरून घेते आणि काम स्वतः करते, तर काही वेळा परवानगीच्या अटींनुसार ते खोदणाऱ्यानेच करायचे असते. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे ठरवले, तर निर्णय परवानगीच्या कागदावरून लागतो.

‘काम प्रस्तावित आहे, निविदा प्रक्रिया सुरू आहे’ हेही नेहमीचे उत्तर. गट्टूंच्या बाबतीत ते खरे असू शकेल, पण एक झाकण नीट बसवण्याला आणि दोन अडथळे ठेवण्याला ते लागू पडत नाही. झाकणाची तारीख वेगळी मागितल्याचा फायदा इथे दिसतो. पत्रात एक उणीव राहिली आहे: पदपथ मुळात कधी बांधला ते लिहिलेले नाही. तो ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत असेल, तर मूळ बांधकामातले दोष ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. मात्र दुसऱ्याने केलेल्या खोदाईचे नुकसान त्यात धरले जाईलच असे नाही.

उत्तर आलेच नाही, तर तेच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात जातात. तिथे ‘जबाबदार कोण’ असे मत विचारण्याऐवजी खोदाईच्या परवानगीची आणि शुल्काच्या पावतीची प्रत मागावी लागते. अशा अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले आणि त्यात काम झाल्याचा दावा असला, तर बसथांब्यापासून फाटकापर्यंत पुन्हा मोजणी करून सातपैकी किती जागा दुरुस्त झाल्या आणि झाकण पातळीला आले की नाही, एवढे दोन ओळींच्या पुढच्या पत्रात कळवता येते.